हलकी आणि जड दबाई चाचणी

हलकी दबाई आणि जड दबाई या मातीच्या प्रयोगशाळेतील दोन प्रमाणित चाचण्या आहेत. भरावाची माती किती पाण्यात दाबली असता सर्वाधिक घट्ट बसते, हे त्यांवरून ठरवितात. त्या पाण्याच्या प्रमाणास इष्टतम जलांश आणि त्या वेळी मिळणाऱ्या घनतेस कमाल शुष्क घनता म्हणतात. ही दोन्ही मूल्ये मातीइतकीच दबाईच्या ऊर्जेवरही अवलंबून असतात. ऊर्जा वाढविल्यास कमाल शुष्क घनता वाढते व इष्टतम जलांश कमी होतो.

== चाचण्यांमधील फरक ==
हलक्या चाचणीचा पाया आर. आर. प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने १९३३ मध्ये मातीच्या धरणांच्या कामासाठी घातला. पुढे दुसऱ्या महायुद्धकाळात अवजड विमानांच्या धावपट्ट्यांसाठी अधिक ऊर्जेची जड चाचणी पुढे आली. भारतात आय.एस. २७२० या मानकाच्या ७व्या भागात हलकी आणि ८व्या भागात जड चाचणी दिलेली आहे.

हलक्या चाचणीत १००० घनसेंमी साच्यात माती तीन थरांत भरून, प्रत्येक थरावर २.६ किग्रॅ वजनाची धुम्मस ३१० मिमी उंचीवरून २५ वेळा सोडतात. जड चाचणीत थर पाच, धुम्मस ४.९ किग्रॅ आणि उंची ४५० मिमी असते. ठोके प्रत्येक थरास २५च. गणिताने ही ऊर्जा दर घनमीटरला अनुक्रमे सुमारे ५९३ आणि २,७०३ किलोज्यूल, म्हणजे जड चाचणीत साधारण साडेचारपट येते.

== बदलाचे कारण ==
कोरड्या मातीचे कण व ढेकळे एकमेकांवर सरकण्यास विरोध करतात. पाणी मिसळले की हा विरोध कमी होतो व घनता वाढते. ठरावीक मर्यादेनंतर मात्र अडकलेली थोडी हवा बाहेर पडत नाही आणि जादा पाणी कणांची जागा घेऊ लागते. त्यामुळे घनता उतरते. जड धुम्मस हा विरोध बळानेच मोडते, म्हणून तिला पाण्याची मदत कमी लागते. कण अधिक जवळ आल्याने पाण्यासाठी उरणारी पोकळीही कमी होते.

== उदाहरण ==
पुणे परिसरात बेसाल्ट खडकावर मुरूम आणि सखल भागांत काळी चिकणमाती आढळते. समजा, भरावासाठी आणलेल्या मुरूममिश्रित चिकणमातीच्या कणांचे विशिष्ट गुरुत्व २.७० आहे. उदाहरणादाखल पुढील मूल्ये घेऊ :

{| class="wikitable"
! चाचणी !! इष्टतम जलांश !! कमाल शुष्क घनता
|-
| हलकी || २४ टक्के || १.५२ ग्रॅम प्रति घनसेंमी
|-
| जड || १८ टक्के || १.६९ ग्रॅम प्रति घनसेंमी
|}

दोन्ही बिंदूंवर पोकळीचा सुमारे ८१ ते ८४ टक्के भाग पाण्याने भरलेला असतो. म्हणजे शिखरबिंदू डावीकडे व वर सरकला, तरी संपृक्ततेच्या जवळपास त्याच पातळीवर राहतो.

आता कामावर घनता १.५२ मिळाली, तर हलक्या चाचणीच्या मानाने दबाई १०० टक्के झाली. जड चाचणीच्या मानाने ती केवळ ९० टक्के आहे. म्हणून अहवालात कोणती चाचणी वापरली हे लिहिले नसेल, तर टक्केवारीस अर्थ उरत नाही.

दुसरी चूक जलांशाची होते. माती २४ टक्के जलांशावर ठेवून जड चाचणीची घनता मागितली, तर ती मिळणारच नाही : सर्व हवा काढून टाकली तरी त्या जलांशास घनता १.६४च्या वर जाऊ शकत नाही. अशा वेळी रोलरच्या फेऱ्या वाढविल्यास माती घट्ट न होता चाकाखाली लवते आणि पुढे-मागे लाटेसारखी हलते. उपाय म्हणजे थर उकरून वाळविणे.

== वापर व मर्यादा ==
राष्ट्रीय महामार्गांच्या विनिर्देशांत भरावासाठी जड चाचणीच्या किमान ९५ टक्के, तर रस्त्याच्या पायथराखालील मातीसाठी किमान ९७ टक्के घनता अपेक्षित असते. प्रसरणशील काळी माती या वरच्या थरात व त्याखालील ५०० मिमीत वापरता येत नाही. खालच्या भरावात तिला किमान ९० टक्के पुरतात. ही सवलत सकारण आहे. कमी पाण्यात अतिशय घट्ट दाबलेली काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून अधिक जोराने फुगते. तिच्यासाठी जास्त घनता म्हणजे अधिक टिकाऊ भराव असे नसते.

मुरूमात अडचण वेगळी आहे. त्याचे ठिसूळ खडे ठोक्यांनी, विशेषतः जड धुम्मसेने, फुटतात आणि बारीक चुरा वाढतो. तोच नमुना पुन्हा पुन्हा वापरल्यास घनता खऱ्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून अशा मातीत प्रत्येक जलांशासाठी ताजा नमुना घ्यावा लागतो.