कंपनीविषयी लिहा, पण स्वतःला ठाऊक तेवढेच

नोकरीचा होकार कळवण्यापूर्वी त्या कंपनीविषयी तिच्याच आजी-माजी कर्मचाऱ्यांनी काय लिहून ठेवले आहे, हे पाहण्याची सवय शहरी नोकरदारांच्या आता अंगवळणी पडली आहे. ग्लासडोअर, अ‍ॅम्बिशनबॉक्स यांसारख्या संकेतस्थळांवर पगार, कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक यांविषयीचे अभिप्राय सहज वाचायला मिळतात. वाचणारे अनेक असले तरी लिहिणाऱ्याच्या मनात मात्र धाकधूक असते. नाव दिसत नाही म्हणून काहींची लेखणी सुटते, तर काही जण कायद्याच्या धास्तीने ‘ठीक आहे, शिकायला मिळते’ एवढेच लिहून मोकळे होतात. दोन्ही प्रकारचे अभिप्राय पुढच्या उमेदवाराच्या फारसे उपयोगाचे नसतात.

उदाहरणादाखल एक काल्पनिक अभिप्राय घेऊ. पुण्यात हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीतून पावणेदोन वर्षांनी बाहेर पडलेल्या अभियंत्याने राजीनाम्याच्या आठवड्यातच तो लिहिला आहे, असे समजू. ‘ही फ्रॉड कंपनी आहे, पीएफचे पैसे खाते. आमचा डिलिव्हरी मॅनेजर सायको आहे, त्याच्यावर एका मुलीने समितीकडे तक्रारही केली होती. एका बड्या बँकेच्या अ‍ॅपचे काम मार्चमध्ये हातचे जाणार असून ४० जणांना काढणार आहेत. रोज रात्री अकरापर्यंत थांबवतात.’ इतक्याशा मजकुरात चार निरनिराळे धोके आहेत. गंमत अशी की, त्यातल्या बहुतेक तक्रारी खऱ्या असू शकतात.

पहिले वाक्य ‘पीएफचे पैसे खाते’ हे. येथे अब्रुनुकसानीचा कायदा समजून घ्यायला हवा. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ आणि ५०० ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली आहे. व्यक्तीप्रमाणेच कंपनीचीही बदनामी होऊ शकते, हे त्या कलमातच स्पष्ट केलेले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची, दंडाची, दोन्हींची किंवा समाजसेवेची. याखेरीज कंपनी दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावाही लावू शकते. दिवाणी दाव्यात विधान खरे असल्याचे सिद्ध झाले की बचाव पुरा होतो. फौजदारी खटल्यात तेवढे पुरत नाही. विधान खरे तर हवेच, शिवाय ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला आणखी एक अपवाद आहे. मात्र योग्य ती काळजी न घेता केलेले कृत्य कायदा ‘सद्भावनेचे’ मानत नाही. थोडक्यात, लिहिण्याआधी पडताळणी केली होती का, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

आता आपल्या अभियंत्याने कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे स्वतःचे पासबुक उघडले, असे धरू. त्यात दिसते ते असे : जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचा पीएफ पगारातून कापला गेला, पण खात्यावर मेअखेर जमा झाला. नियमानुसार ही रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायला हवी. म्हणजे विलंब झाला, पैसे खाल्ले गेले नाहीत. ‘खाते’ म्हटले की अपहाराचा आरोप होतो आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. ‘माझ्या तीन महिन्यांचा पीएफ कापल्यानंतर मेअखेर जमा झाला’ हे विधान पासबुकाच्या आधारे उभे राहते. वाचणाऱ्या उमेदवारालाही ‘फ्रॉड’ या शब्दापेक्षा त्यातून अधिक कळते. पैसे खरोखरच जमा झाले नसतील, तर तक्रारीची जागा निधी संघटनेचे तक्रार निवारण संकेतस्थळ ही आहे. अभिप्राय लिहून ते पैसे परत मिळत नाहीत.

दुसरे वाक्य मॅनेजरविषयीचे. त्याचे नाव लिहिलेले नाही, तेव्हा काळजीचे कारण नाही, अशी अनेकांची समजूत असते. परंतु त्या कार्यालयात डिलिव्हरी मॅनेजर एकच असेल, तर सहकाऱ्यांना तो कोण हे तत्काळ कळते आणि कायद्याला ओळख पटणे पुरेसे असते. ‘सायको’ हा शब्द तर मतही नाही, माहितीही नाही. तो सरळ अपशब्द आहे. ‘वरिष्ठांनी बैठकीत सर्वांसमोर आवाज चढवून बोलल्याचे प्रसंग मी दोनदा पाहिले; मला तेथे मोकळेपणाने काम करता आले नाही’ असे लिहिले, तर आधी पाहिलेली गोष्ट येते आणि मग त्यावरचे मत. मत व्यक्त करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, पण ते कशावर बेतले आहे हे वाचकाला दिसले पाहिजे.

त्याच वाक्याचा उत्तरार्ध मात्र कितीही सौम्य केला तरी ठेवता येणार नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचे कामकाज प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. हेतू त्या महिलेला साहाय्य करण्याचा असला तरी ‘एका मुलीने तक्रार केली होती’ या पाच शब्दांतून छोट्या कार्यालयात तीही ओळखली जाते. न्याय मिळाल्याची माहिती कोणाचीही ओळख उघड न करता देण्याची मुभा कायदा देतो, पण आपण त्या प्रकरणात त्रयस्थ असू तर ही वाट न धरणेच शहाणपणाचे. कार्यालयात अंतर्गत समिती अस्तित्वात आहे का, तिच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत का, हे मात्र निःशंकपणे लिहिता येते आणि महिला उमेदवारांना नेमके तेच जाणून घ्यायचे असते.

तिसरे वाक्य गोपनीयतेचे. नियुक्तिपत्रात किंवा त्यासोबतच्या करारात गोपनीयतेचे कलम असते आणि बहुतेक वेळा ते नोकरी सुटल्यानंतरही लागू राहते. बँकेचे नाव लिहिले नसले तरी ‘बड्या बँकेचे अ‍ॅप’ आणि ‘मार्च’ या दोन खुणांवरून धंद्यातल्या माणसाला ग्राहक ओळखता येतो. ग्राहकांची नावे, दर, येऊ घातलेली उत्पादने, जाहीर न झालेली नोकरकपात या गोष्टी कंपनीच्या मालकीच्या माहितीत मोडतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती दुसऱ्याला पुरवण्यास ‘सेबी’च्या २०१५ च्या नियमांनी बंदी आहे. येथे एक सोपी कसोटी लावता येते. ही गोष्ट मी त्या इमारतीत कर्मचारी म्हणून अनुभवली, की कंपनीने विश्वासाने माझ्या हाती दिली म्हणून मला कळली? पहिली गोष्ट बहुधा लिहिता येते, दुसरी नाही. ‘माझ्या काळात प्रकल्प वारंवार बदलत आणि पुढे काय होणार याची कल्पना कर्मचाऱ्यांना उशिरा दिली जाई’ एवढ्याने अस्थिरतेची जाणीव वाचकापर्यंत पोहोचते.

पगाराचा मुद्दा मधल्यामध्ये लोंबकळतो. अमेरिकेत खासगी क्षेत्रातील बहुतांश बिगर-पर्यवेक्षक कर्मचाऱ्यांना पगाराविषयी आपसात बोलण्याचे संरक्षण तेथील कामगार कायदा देतो. आपल्याकडे तशी थेट तरतूद नाही आणि अनेक नियुक्तिपत्रांत पगार गुप्त ठेवण्याची अट असते. तेव्हा पत्र आधी वाचावे. अट नसली तरी रुपयापर्यंतचा नेमका आकडा न देता ढोबळ आकडा द्यावा, कारण नेमका आकडा म्हणजे मनुष्यबळ विभागासाठी जवळजवळ सहीच असते.

चौथे वाक्य सर्वांत उपयोगी आहे आणि त्यात फक्त ‘रोज’ हा शब्द चुकला आहे. ‘प्रकल्प सुपूर्द करण्याच्या दोन महिन्यांत आठवड्यातून तीन-चार दिवस रात्री दहानंतर निघालो; एरवी सात वाजता सुटका होई’ असे लिहिले की ते खरेही होते आणि नेमकेही. पुरावा म्हणून स्वतःची रोजनिशी किंवा घरी जाताना घेतलेल्या टॅक्सीच्या पावत्या पुरतात. कार्यालयातील हजेरीपत्रके किंवा ई-मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. बचावासाठी गोळा केलेला तो पुरावाच करारभंगाचा पुरावा ठरू शकतो.

उरतो प्रश्न निनावीपणाचा. न्यूझीलंडमधील झुरू या खेळणी कंपनीला ग्लासडोअरवरील निनावी अभिप्रायांबद्दल आपल्या देशात दावा लावायचा होता. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल अशी माहिती संकेतस्थळाने द्यावी, असा आदेश कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. ग्लासडोअरचा विरोध टिकला नाही. भारतातही न्यायालय अशी माहिती मागवू शकते. म्हणूनच आपले नाव उद्या उघड झाले तरी ज्यावर ठाम राहता येईल, तेवढेच लिहावे. अर्थात न्यायालयापर्यंत गोष्ट जाण्यापूर्वीच मजकुरावरून माणूस ओळखला जातो, हे अधिक वेळा घडते. हुद्दा, शहर, कार्यकाळ आणि राजीनाम्याचा आठवडा एकत्र आले की संशयितांची यादी एका नावावर येते. दोन-तीन महिने थांबावे, हुद्दा व्यापक ठेवावा, कार्यालयाचा संगणक वा जोडणी वापरू नये. अंतिम हिशेबाची रक्कम आणि कार्यमुक्तीचे पत्र हाती येण्याआधी तर लिहूच नये. त्या कागदपत्रांवर सही करताना ‘कंपनीविषयी प्रतिकूल लिहिणार नाही’ असे कलम त्यात आहे का, हेही पाहावे.

एवढे करूनही वकिलाची नोटीस आलीच, तर नोटीस म्हणजे खटला नव्हे हे ध्यानात घ्यावे. अब्रुनुकसानीचा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र आहे आणि कंपनीला त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे स्वतः तक्रार करावी लागते. दिवाणी दाव्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची आहे. नोटिशीला रागाच्या भरात स्वतः उत्तर देऊ नये, आणि संकेतस्थळावर तर मुळीच नाही. अभिप्रायाची तारखेसह प्रत, पासबुकाचे पान आणि नियुक्तिपत्र घेऊन वकिलांकडे जावे. एखादे वाक्य खरोखरच पुराव्यापलीकडे गेले असेल, तर सगळा अभिप्राय मागे घेण्याऐवजी तेवढे वाक्य दुरुस्त करता येईल का, हे त्यांनाच विचारावे.