पिवळी रेघ कोणाची?

प्रभागातल्या तक्रारींचा मासिक अहवाल एक्सेलमध्ये बनवणाऱ्या कुणाचंही टेबल डोळ्यांसमोर आणा. नोंदींच्या तक्त्यात एक रकाना तक्रारीच्या प्रकाराचा असतो. त्यावरून पिव्हट टेबल आणि रेघांचा आलेख एकदाच बांधून ठेवलेला असतो. दर महिन्याला नव्या नोंदी खाली चिकटवायच्या, `Refresh` दाबायचं आणि अहवाल पुढे पाठवायचा. जुलैपर्यंत प्रकार चारच होते: कचरा, खड्डे, दिवे, पाणी. ऑगस्टमध्ये कुणीतरी पहिल्यांदाच ‘डास’ असं नोंदवलं.

एवढ्यानं काय बिघडतं ते रंगांकडे पाहून कळेल. आपण हातानं रंग दिला नसेल, तर एक्सेल तो नावाला नाही, क्रमांकाला देतं. 2013 ते 2022 या काळातल्या ऑफिस थीममध्ये ओळीनं निळा, नारिंगी, राखाडी, पिवळा, पुन्हा दुसरा निळा आणि हिरवा असे सहा रंग येतात. जुलैत तिसरं नाव दिवे, म्हणून राखाडी. चौथं पाणी, म्हणून पिवळं. पिव्हटच्या त्या रकान्यावर पूर्वी कधीतरी `Sort A to Z` केलेलं असेल, तर नवा प्रकार वर्णक्रमानं मध्येच शिरतो. ‘ड’ येतो ‘द’च्या आधी. राखाडी रंग डासांना जातो, दिवे पिवळे होतात आणि पाणी फिकट निळं. रंगसूचीतली नावंही त्याच क्रमानं सरकतात.

आता समजा, जुलैत पाण्याच्या तक्रारी 140 होत्या आणि ऑगस्टमध्ये 150 झाल्या. दिव्यांच्या 60 वरून 62 झाल्या. गेल्या महिन्याचा कागद लक्षात असलेला माणूस पिवळी रेघ शोधतो, ती त्याला 62 वर दिसते. पाण्याचा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटला, असं तो समजतो. खरं तर पाणी वाढलंय. आलेख खोटं बोललेला नाही, रंगसूचीही अचूक आहे, म्हणून कुठलीही चूक लाल अक्षरांत दिसत नाही. आलेखाखाली आपण हातानं टाइप केलेलं ‘पिवळी रेघ पाण्याची’ हे वाक्य मात्र तसंच राहतं आणि आता चुकीचं ठरतं. मला सर्वांत जास्त धास्ती या वाक्याचीच वाटते, कारण ते रिफ्रेशनं बदलत नाही.

त्या रकान्याची क्रमवारी `Manual` ठेवली, तर नवा प्रकार रिफ्रेशनंतर शेवटी येतो आणि जुन्या चौघांचे रंग जागेवर राहतात. पण हा उपाय अर्धाच आहे. एखाद्या अहवालात खड्ड्यांची एकही तक्रार नसेल, तर ते नाव गळतं आणि मागची सगळी एकेक जागा पुढे येतात. त्यासाठी फील्ड सेटिंग्जमधलं `Show items with no data` चालू ठेवावं लागतं. शिवाय कुणी पिव्हट नव्यानं बांधलं की पहिली मांडणी पुन्हा वर्णक्रमानंच होते.

जो अहवाल वर्षानुवर्षं चालायचा आहे, त्यात आलेख पिव्हटवर टांगूच नये असं माझं मत आहे. वेगळ्या पानावर A2 ते A6 मध्ये प्रकारांची नावं आपल्याला हव्या त्या क्रमानं स्वतः लिहावीत, नवा ‘डास’ शेवटी. नोंदी `Data` नावाच्या पानावर असतील आणि प्रकार C रकान्यात असेल, तर B2 मध्ये पहिलं सूत्र टाकून ते B6 पर्यंत ओढावं आणि B7 मध्ये दुसरं टाकावं:

```
=COUNTIFS(Data!$C$2:$C$5000,A2)
=COUNTA(Data!$C$2:$C$5000)-SUM(B2:B6)
```

ही मोजणी एका महिन्याची आहे. अनेक महिन्यांसाठी पहिल्या सूत्रात तारखेच्या अटी वाढवायच्या आणि दुसऱ्यातही तेवढ्याच नोंदी मोजायच्या. आलेख या छोट्या तक्त्यावर काढला की नावाची ओळ ठरलेली राहते, म्हणून रंगही ठरलेला राहतो.

खरी राखण शेवटची ओळ करते. एकूण नोंदींतून ओळखीचे प्रकार वजा केल्यावर तिथे शून्य यायला हवं. तीन आले, तर तीन नोंदी यादीबाहेरच्या आहेत. त्या दरवेळी नव्या प्रकाराच्याच असतात असं नाही. ‘दिवे’ पुढे चुकून एक मोकळी जागा पडली, किंवा ‘खड्डे’ऐवजी ‘खड्डा’ लिहिलं गेलं, तरी संगणकाला तो वेगळा प्रकार वाटतो. पिव्हटमध्ये अशी जागा पडलेले ‘दिवे’ स्वतःचा रंग घेऊन रंगसूचीत दुसऱ्यांदा येतात आणि दोन्ही नावं डोळ्यांना एकसारखीच दिसतात. म्हणून B7 मध्ये आकडा दिसला की आधी ती नोंद उघडून पाहायची. लेखनाची चूक असेल तर मूळ तक्त्यात दुरुस्त करायची. खरोखर नवा प्रकार असेल तर डासांच्या खाली एक ओळ घालायची, शेवटच्या ओळीतल्या बेरजेत ती धरली गेली का ते पाहायचं, तिला अजून कुणालाच न दिलेला रंग द्यायचा आणि हे त्या महिन्याच्या अहवालात एका ओळीत लिहायचं.