दिवा चार सेकंद कुठे अडकला?

चाकणहून सेकंड शिफ्ट करून मोशीला घरी आलो, तर पॅसेजचा दिवा चार सेकंद उशिरा लागला. चपला अंधारातच काढल्या.

संशय आधी वायफायवर. लॅपटॉपवरून हबला `ping` केलं. उत्तर 3 मिलिसेकंदांत. मग हबचा लॉग पाहिला: हालचालीची नोंद `00:41:07`, दिव्याला हुकूम त्याच सेकंदात, दिव्याची पोच मात्र `00:41:11`. हबही सुटला.

उरला झिगबी दिवा. त्याचा संदेश हॉलमधल्या स्मार्ट प्लगमार्फत जायचा, आणि आई काटकसरीने प्लगचं भिंतीवरचं बटण रोज रात्री बंद करायची! त्यानंतरचा पहिला हुकूम जुन्या वाटेवर अडायचा. मग हब नवी वाट शोधायचा. बटणावर चिकटपट्टी लावली, उशीर गेला.

सेन्सरने हालचाल टिपायलाच लावलेला वेळ मात्र लॉगमध्ये दिसत नाही. तो मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजावा.