पिशवी गेली, पण अंडाशय? बदामाएवढ्या अवयवाच्या सहा गोष्टी

१. शेजारच्या जिल्ह्यानं जगाला शिकवलं. लातूरला खेटून असलेल्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. निकाल २००९ साली आला. गर्भाशयाच्या मुखाची एचपीव्ही चाचणी एकदाच केली, तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले.

२. अंडाशयाच्या कॅन्सरपुढे तीच युक्ती हरली. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर मोठा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी सीए-१२५ ही रक्तचाचणी झाली, काहींची सोनोग्राफी. २०२१ साली कळलं, की मृत्यू काही कमी झाले नाहीत.

३. कारण जागेत आहे. गर्भाशयाचं मुख दिसतं, तिथल्या पेशी सहज घेता येतात. अंडाशय मात्र ओटीपोटात खोल असतं. शिवाय सर्वाधिक आढळणारा प्रकार बहुधा गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो. तिथून पेशी थेट पोटाच्या पोकळीत गळतात. म्हणून पहिला टप्पा (फक्त अंडाशय किंवा नलिका) आणि दुसरा (ओटीपोट) क्वचितच हाती लागतात. बहुतेकींना तिसऱ्या टप्प्यात, पोटाच्या आतल्या पडद्यावर गाठी पसरल्यावर कळतं. छातीत किंवा यकृताच्या आत गेला, की चौथा.

४. सीए-१२५ चकवतो. ३५च्या वर म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पाळी, गर्भाशयातल्या गाठी, पोटाचा टीबी यांतही तो वाढतो. पोटात पाणी आणि वाढलेला आकडा असं हुबेहूब चित्र टीबीतही दिसतं. खरं काय ते पेशींच्या तपासणीतच कळतं. उलट पहिल्या टप्प्यात निम्म्या बायकांचा आकडा नॉर्मल असतो.

५. धोका कुणाला? वय वाढेल तसा वाढतो. सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात शंभरात साधारण एक, पण बीआरसीए-१ जनुकात दोष असेल तर शंभरात चाळीसच्या आसपास. आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाळंतपणं, गर्भनिरोधक गोळ्या आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन यांनी धोका घटतो.

६. ‘माझी तर पिशवी काढलीय’. गावाकडं हे वाक्य नेहमी कानावर येतं. पण पिशवी काढताना अंडाशयं अनेकदा ठेवतात. ती काढली की ठेवली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. पन्नाशीनंतर पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की पोट भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, आणि हे नव्यानं सुरू होऊन महिन्यात बारा दिवसांहून जास्त होतंय? मग अ‍ॅसिडिटीच्या गोळीवर महिने घालवू नका. ते कार्ड घेऊन जा आणि पोटाची सोनोग्राफी करायला सांगा.