पाहुण्याचा हात, यजमानाचे यंत्र

एका संगणकासमोर दोघांनी बसावे, एकाने कळफलक चालवावा आणि दुसऱ्याने प्रत्येक ओळीवर डोळा ठेवावा, ही जोडीने कोड लिहिण्याची रीत केंट बेक यांनी १९९९ सालच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’वरील ग्रंथात आग्रहाने मांडली, तेव्हा ते दोघे एकाच खोलीत असणार हे गृहीतच होते. आता जोडीदारांपैकी एक पुण्यात आणि दुसरी टोरांटोत असणे यात कोणालाही नवल वाटत नाही, आणि अशा जोडीसाठी जी साधने निघाली त्यांपैकी मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केलेले ‘लाइव्ह शेअर’ हे ‘व्हीएस कोड’ या एडिटरमुळे पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहे. परिचय झाला, तरी त्याच्या अंतरंगाविषयी अनेक चुकीच्या समजुती रूढ आहेत, आणि त्यांतील बहुतेक एकाच अज्ञानातून उगवल्या आहेत: सत्र सुरू झाल्यावर कोड कोठे राहतो आणि तो कोणाच्या यंत्रावर चालतो, हे नीट ठाऊक नसणे.

पहिली समजूत अशी, की ही निव्वळ पडद्याची देवघेव आहे. व्हिडिओ-सभेत आपला पडदा दुसऱ्याला दाखवितात त्यातलाच हा प्रकार. याच्या अगदी उलट टोकाची दुसरी समजूत अशी, की पाहुण्याने दुवा उघडताच सारा प्रकल्प त्याच्या संगणकावर उतरतो आणि मग दोघे आपापल्या प्रतीत लिहितात. वस्तुस्थिती या दोहोंपासून दूर आहे. फाइली यजमानाच्या डिस्कवरच राहतात. पाहुण्याच्या एडिटरमध्ये उघडलेल्या फाइलीचा तेवढा मजकूर येतो, आणि तो मात्र त्याच्या स्वतःच्या एडिटरमध्ये, त्याच्या रंगसंगतीत, त्याच्या अक्षरांच्या आकारात आणि त्याला सवयीच्या असलेल्या कळांनिशी दिसतो. पाहुणीने ‘सेव्ह’ केले की ते यजमानाच्या डिस्कवर सेव्ह होते. टेस्ट चालविली की ती यजमानाच्या प्रोसेसरवर, त्याच्या घड्याळानुसार आणि त्याच्या यंत्रावर बसविलेल्या आवृत्त्यांनिशी चालते.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक भासते, परंतु तिचे परिणाम कसे चकवा देतात ते एका उदाहरणाने पाहण्यासारखे आहे. टोरांटोतील बाईंची तक्रार अशी, की बिलाच्या भरण्याची मुदत त्यांना एक दिवस आधीची दिसते, आणि पुण्यातील गृहस्थांचा दावा असा, की आपल्याकडे ती बरोबर दिसते. कोड एवढाच आहे:

```js
const mudat = new Date("2024-08-15");
mudat.getDate();
```

गृहस्थ यजमान आणि बाई पाहुण्या, असे दोघे सत्र उघडतात. बाई सामायिक टर्मिनलमध्ये स्वतःच्या हाताने टेस्ट चालवितात, आणि ती बिनचूक उत्तीर्ण होते. आता पुण्यातील गृहस्थ विजयी मुद्रेने हसले तर त्यात त्यांचा दोष नाही, पण येथे सिद्ध मात्र काहीच झालेले नाही. जावास्क्रिप्टमध्ये केवळ तारीख असलेली अशी अक्षरमाला यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचली जाते. तो क्षण भारतात १५ ऑगस्टच्या पहाटेचे साडेपाच असतो, तर टोरांटोत १४ ऑगस्टच्या रात्रीचे आठ. आज्ञा टोरांटोतून दिली गेली असली तरी टेस्ट पुण्यातील यंत्रावर चालली, म्हणून उत्तर १५ आले. दोष डोळ्यांपुढे आणावयाचा तर त्याच टर्मिनलमध्ये, यजमानाचे यंत्र लिनक्स किंवा मॅक असल्यास, प्रदेश सांगून टेस्ट चालवावी लागते:

```
TZ=America/Toronto npm test
```

आता टेस्ट नापास होते, आणि `getDate()` च्या जागी `getUTCDate()` लिहिल्यावर दोन्ही प्रदेशांत १५ हाच आकडा मिळतो. परंतु याच प्रकरणाला आणखी एक पदर आहे. यजमानाने आपला चालू सर्व्हर सामायिक केला, म्हणजे `localhost:3000` हा पत्ता पाहुणीच्या यंत्रावरही उघडण्याची सोय केली, तर पान पुण्यातून येते, पण त्यातील जावास्क्रिप्ट पाहुणीच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे टोरांटोच्या घड्याळावर चालते. परिणामी दुरुस्तीपूर्वीच्या त्याच कोडचे तेच पान दोघे एकाच क्षणी पाहत असताना एकाला १५ आणि दुसरीला १४ दिसतो. एडिटर आणि टर्मिनल यजमानाचे, ब्राउझर मात्र ज्याचा त्याचा, ही सीमारेषा ज्याला ठाऊक नाही तो अशा वेळी सत्राच्या साधनातच बिघाड शोधीत बसतो.

तिसरा गैरसमज कर्सरांविषयीचा आहे. एका फाइलीत दोन नावांचे, दोन रंगांचे कर्सर फिरू लागले की दोघांच्या लिखाणाची टक्कर होईल आणि मग गिटमध्ये होते तशी विलीनीकरणाची कटकट उपस्थित होईल, अशी धास्ती अनेकांना वाटते. तसे होत नाही, कारण येथे तयार मजकुरांची तुलना करावयाची नसून प्रत्येक लहान बदल घडताक्षणी दुसरीकडे पोचवावयाचा असतो. या समस्येवरचा एक अभिजात उपाय एलिस आणि गिब्स यांनी १९८९ साली मांडला. समजा, एकाने पाचव्या अक्षरानंतर तीन अक्षरे घातली, आणि तो बदल पोचण्यापूर्वीच दुसरीने दहावे अक्षर पुसले. तिची आज्ञा त्याच्याकडे पोचेपर्यंत ते अक्षर तेराव्या स्थानी सरकलेले असते, म्हणून आज्ञेतील दहा या आकड्याचे तेरा असे रूपांतर करून मग ती अमलात आणली जाते, आणि अखेरीस दोन्ही पडद्यांवर एकच मजकूर उरतो.

येथे हमी मिळते ती मजकूर सारखा असण्याची. तो अर्थपूर्ण असण्याची जबाबदारी कोणत्याही यंत्रणेने घेतलेली नाही. एक जण व्हेरिएबलचे नाव सगळीकडे बदलीत असतानाच दुसरीने दहा ओळी खाली जुन्याच नावाने नवी ओळ लिहिली, तर अक्षरांची टक्कर होत नाही, तंटा कोठेच नोंदला जात नाही, आणि कोड मात्र मोडतो. शिवाय टेस्ट ही डिस्कवरील फाइल वाचते. दोघांच्या पडद्यावर दिसणारी पण अजून सेव्ह न झालेली दुरुस्ती तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. ‘आत्ताच तर बदलले, तरी तीच चूक कशी?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथे सापडते.

अनुसरणाविषयी थोडक्यातच सांगता येईल. पाहुणा सत्रात शिरला की त्याचा एडिटर यजमानाच्या मागोमाग, एका फाइलीतून दुसरीत, आपोआप जाऊ लागतो, आणि त्यावरून यजमान आपला पडदा चालवीत आहे अशी कल्पना पाहुण्याची होते. वास्तविक अनुसरण ही पाहुण्याची मर्जी आहे. त्याने स्वतः टंकलेखन केले, कर्सर हलविला किंवा दुसरी फाइल निवडली की ते सुटते. अडचण होते ती यजमानाची, कारण आपल्या मागे कोणी आहे असे समजून तो बोलत राहतो आणि समोरचा केव्हाच दुसऱ्या फाइलीत रमलेला असतो. सर्वांना आपल्याकडे बोलाविण्याची आज्ञा यजमानाला देता येते. ‘आता त्रेचाळिसाव्या ओळीवर या’ असे तोंडी सांगणेही माझ्या मते तितकेच कामाचे आहे.

आता ज्या समजुतीपायी खरोखर नुकसान होऊ शकते तिच्याकडे वळू. पुष्कळांना वाटते, की परवानगी ही एकच एक गोष्ट आहे: पाहुण्याला लिहिण्याची मुभा दिली वा केवळ वाचण्याची. प्रत्यक्षात फाइलींची मुभा वेगळी आणि टर्मिनलची वेगळी. टर्मिनल प्रारंभी केवळ पाहण्यापुरते सामायिक होते. त्यात आज्ञा देण्याचा अखत्यार यजमानाला स्वतंत्रपणे द्यावा लागतो, आणि तो दिला की पाहुणा त्या यंत्रावर यजमानाच्या नावाने, यजमानाच्या सर्व अधिकारांनिशी वावरतो. घरातील एक खोली पाहुण्याला उघडून द्यावी आणि किल्ल्यांचा जुडगाही त्याच्याच हाती ठेवावा, तसा हा व्यवहार आहे. त्या टर्मिनलमधून प्रकल्पाच्या फोल्डराबाहेरच्या खाजगी फाइलीही वाचता येतात आणि पुसताही येतात.

फाइलींचा बंदोबस्त करण्यासाठी प्रकल्पात `.vsls.json` नावाची फाइल ठेवता येते:

```json
{
  "gitignore": "exclude",
  "excludeFiles": ["*.pem", "!node_modules"],
  "hideFiles": ["docs"]
}
```

येथे `hideFiles` आणि `excludeFiles` यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्याने फाइल केवळ यादीतून अदृश्य होते. डीबग करताना वा व्याख्येकडे उडी मारताना तिच्यात शिरता येते. दुसऱ्याने तिच्यावर पूर्ण मज्जाव होतो, इतका की यजमानाने ती स्वतः उघडली आणि पाहुणा त्याचे अनुसरण करीत असला, तरीही ती पाहुण्याला दिसत नाही. `gitignore` चा नियम न सांगितल्यास गिटने वगळलेल्या फाइली केवळ लपतात. म्हणून गुप्त किल्ल्या असलेली `.env` गिटमध्ये नाही एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्याने येथे `exclude` असे स्पष्ट लिहावे. मग `node_modules` हाही सरसकट वगळला जातो आणि लायब्ररींच्या कोडमध्ये डीबगरने शिरणे अडते, म्हणून उद्गारचिन्ह लावून तेवढ्यापुरता मज्जाव उठविला आहे.

परंतु हा सारा बंदोबस्त एडिटरपुरता आहे. ज्याला टर्मिनलमध्ये लिहिण्याची मुभा आहे त्याने `cat .env` अशी आज्ञा दिली, तर `.vsls.json` मधील एकही कलम आडवे येत नाही. इतकेच काय, टर्मिनल वाचनापुरते ठेवूनही वाट पूर्ण बंद होत नाही: ज्याला कोड बदलता येतो तो टेस्टच्या फाइलीत काहीही लिहू शकतो, आणि ती टेस्ट यजमान आपल्याच हाताने चालवितो. म्हणून अपरिचित माणसाला सत्रात घ्यावयाचे असेल तर संपूर्ण सत्रच केवळ वाचनासाठी सुरू करावे. तशी सोय आहे.

कोड मायक्रोसॉफ्टच्या दप्तरी जमा होतो, ही शंकाही वारंवार ऐकू येते. दोन यंत्रे शक्य असल्यास थेट जोडली जातात, त्यासाठी `5990` ते `5999` यांतील पोर्ट वापरले जाते, आणि थेट मार्ग नसल्यास मध्यस्थ सर्व्हरमार्फत; दोन्ही वेळा मजकूर टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतो. कोणता मार्ग घ्यावा हे `liveshare.connectionMode` या सेटिंगने ठरविता येते.

राहता राहिली सत्र संपण्याची गोष्ट. यजमानाने सत्र बंद केले की दुवा निकामी होतो आणि पाहुण्याच्या एडिटरमधून फाइली निघून जातात, म्हणून सारे पूर्ववत झाले असे मानण्याची प्रवृत्ती असते. टर्मिनलमधून सुरू केलेली प्रक्रिया मात्र यजमानाच्या यंत्रावर चालूच राहू शकते, आणि कोणाची ओळ कोणती हे कर्सरांचे रंग मागे सांगून ठेवीत नाहीत; कमिट यजमानाच्या नावे पडते, जोडीदाराचे नाव हवे असल्यास संदेशाच्या अखेरीस `Co-authored-by:` ची ओळ असावी लागते. आणि सत्रात टर्मिनलवर एखादी किल्ली क्षणभर जरी उमटली असेल, तर ती पाहिली गेली असे समजून त्याच दिवशी बदलावी.