दहापैकी चार म्हणजे नेमके काय?

(सोलापुरातील एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी वर्षारंभी पालकांना लिहिलेले पत्र)

पालकहो,

यंदापासून आपल्या शाळेत पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी दर महिन्याची पाठांतराची चाचणी होणार नाही. त्याऐवजी मुलाच्या शिकण्याची नोंद वर्षभर ठेवली जाईल. हे ऐकून बऱ्याच घरांत पहिला प्रश्न उठेल, तो असा : 'मग मूल कुठे आहे ते आम्हांला कळणार कसे?' प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देतो.

समजा, तिसरीच्या वर्गात वजाबाकीची दहा उदाहरणे दिली. चार बिनहातच्याची, सहा हातच्याची. दोन मुलांना दहापैकी चार गुण मिळाले. प्रगतिपुस्तकात दोघांपुढे एकच आकडा आला. आता त्यांच्या पाट्या पाहू.

पहिल्या मुलाने 52 − 28 चे उत्तर 36 लिहिले आहे, 71 − 45 चे 34 आणि 63 − 27 चे 44. वरवर पाहता ही निव्वळ चूक वाटते. पण नीट पाहिले, तर यात एक नियम दिसतो. हे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. 2 मधून 8 जात नाहीत, म्हणून ते 8 मधून 2 काढते आणि 6 लिहिते. बिनहातच्याच्या उदाहरणांत वरचा अंक मोठाच असतो, त्यामुळे तेथे त्याचा नियम बरोबर ठरतो आणि चार गुण मिळतात. त्याला वजाबाकीचे पाढे, म्हणजे 8 वजा 2 किती हे, पक्के येते. जे येत नाही, ते एकच : 52 म्हणजे पाच दशक आणि दोन एकक, आणि एक दशक सोडवून त्याचे दहा एकक करता येतात.

दुसऱ्या मुलाने 47 − 15 चे उत्तर 31 लिहिले आहे आणि 52 − 28 चे 23. याला दशक सोडवणे समजले आहे, पण बोटांवर मोजताना ते एकाने चुकते. म्हणून त्याची चूक हातच्याच्या उदाहरणात जशी होते, तशीच बिनहातच्याच्या उदाहरणातही होते.

आता उपाय पाहा. पहिल्या मुलाला आणखी पन्नास उदाहरणे दिली, तर ते आपला चुकीचा नियम पन्नास वेळा गिरवील. त्याच्या हातात काड्या द्याव्या लागतील : दहादहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. यातून 28 काढायच्या. सुट्या दोनच आहेत, म्हणून एक गठ्ठा सोडावा लागतो. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या. आठ सुट्या आणि दोन गठ्ठे काढले, की उरतात 24. मग त्याला विचारायचे, 'तुझे 36 आणि हे 28 मिळवून 52 होतात का?' होतात 64. चूक त्याची त्यालाच दिसते. दुसऱ्या मुलाला काड्यांची गरज नाही. त्याला लहान संख्यांच्या तोंडी वजाबाकीचा रोज थोडा सराव हवा. म्हणजे गुण एकच, पण औषधे दोन. 'दहापैकी चार' या आकड्यात यातले काहीच दिसत नव्हते.

सोलापुरात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडे अनेक घरांत तेलुगू, कानडी किंवा उर्दू बोलली जाते आणि मूल शिकते मराठीत. 'लाल चादरी 52 आहेत, निळ्या 28. निळ्या चादरी लालपेक्षा कितीने कमी?' या लेखी प्रश्नाला एखादे मूल 80 असे उत्तर देते. तेच विचारताना चादरींच्या जागी काड्यांच्या दोन रांगा मांडल्या, की ते 24 सांगते. त्याला वजाबाकी येते. अडले आहे ते 'पेक्षा कितीने' या शब्दांपाशी. लेखी कागद एवढा भेद करू शकत नाही. तोंडी काम करू शकते.

अशा नोंदींना शासनाच्या पद्धतीत आकारिक मूल्यमापन म्हणतात, आणि सत्राच्या शेवटच्या परीक्षेला संकलित मूल्यमापन. शिक्षणहक्क कायदा 2009 साली झाला आणि महाराष्ट्राने 2010 साली शासननिर्णय काढून ही पद्धत ठरवून दिली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, लहान चाचणी, स्वाध्याय अशी तिची साधने आहेत. त्या निर्णयानुसार पहिली-दुसरीत आकारिक भाग शंभरापैकी 70, तिसरी-चौथीत 60, पाचवी-सहावीत 50 आणि सातवी-आठवीत 40 गुणांचा. उरलेले गुण संकलित परीक्षेचे. म्हणजे परीक्षा गेलेली नाही. पाचवी आणि आठवीला तर राज्याने 2023 साली वार्षिक परीक्षेचे नियमच केले आहेत.

पाठांतरही गेलेले नाही. पाढे पाठ हवेतच. ते नसतील तर भागाकाराच्या मध्येच मुलाचे लक्ष मोडते. आम्ही बंद करतो आहोत ती फक्त अशी चाचणी, जी पाठ केलेले उत्तर मोजते आणि तेथेच थांबते.

वहीवर यापुढे प्रत्येक वेळी गुण दिसणार नाहीत, शेरा दिसेल. यामागेही कारण आहे. इस्राएलमधील संशोधक रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग 1988 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना कामावर नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. ज्यांना नुसता शेरा मिळाला, त्यांचे पुढचे काम सुधारले. नुसते गुण मिळालेल्यांचे सुधारले नाही. आणि गुण व शेरा दोन्ही मिळालेल्यांचेही सुधारले नाही! आकडा दिसला, की मूल शेऱ्याकडे वळत नाही, आपल्याला शेजाऱ्यापेक्षा किती मिळाले ते पाहते.

ही पद्धत बिघडू शकते, तेही सांगितले पाहिजे. नोंदी महिनाअखेर एका बैठकीत भरल्या, तर त्या नोंदी नव्हेत. चाळीस मुलांपुढे 'छान', 'प्रगती समाधानकारक' असे शेरे असतील, तर त्यांतून काही कळत नाही. घरच्यांनी करून दिलेल्या किंवा दुकानातून आणलेल्या प्रकल्पातून पालकांचे मूल्यमापन होते, मुलाचे नव्हे. शिक्षकाचे निरीक्षणही आवडनिवड टाळू शकेलच असे नाही. म्हणून तर लेखी परीक्षा जोडीला ठेवली आहे. आणि चाळीस मुलांच्या वर्गात रोज सर्वांची नोंद होत नाही. आम्ही दिवसाला पाच-सहा मुले पाहणार, म्हणजे साधारण दीड आठवड्यात प्रत्येकाची पाळी येईल.

तेव्हा पालकसभेला आलात, की नोंदवही मागा आणि तीन गोष्टी पाहा. तारीख आहे का? मुलाने नेमके काय केले, ते लिहिले आहे का? त्यानंतर शिक्षकाने काय केले आणि पुढे काय झाले, ते आहे का? चांगली नोंद अशी असते : 'हातच्याच्या वजाबाकीत लहान अंक मोठ्यातून काढतो. काड्यांचे गठ्ठे सोडवून घेतले. पंधरा दिवसांनी 40 − 17 दिले, उत्तर 23.' जुना नियम टिकून असता, तर उत्तर 37 आले असते. या एका उदाहरणावरून कळते, की मूल पुढे सरकले.

घरी एवढेच करा. 'किती मिळाले?' याऐवजी 'हे उत्तर कसे काढलेस?' असे विचारा आणि ते सांगत असताना मध्ये बोलू नका. जे ऐकाल, ते आम्हांला वहीत दोन ओळींत लिहून पाठवा, कोणत्याही भाषेत.

आपले,
वर्गशिक्षक