नोटिफिकेशन कमी करा: डेव्हलपरची एक पानी नोट

मोबाइल ॲपवरून जाहिरातीची किती नोटिफिकेशन पाठवायची, हे बहुतेक कंपन्यांत मार्केटिंग विभाग ठरवतो. नोटिफिकेशन गेल्यावर किती जणांनी त्यावर बोट लावले आणि किती विक्री झाली, हे त्या विभागाला तासाभरात कळते. त्याच नोटिफिकेशनला वैतागून ज्यांनी ॲप काढून टाकले, त्यांची नोंद मात्र वेगळ्या ठिकाणी होते आणि ती सहसा डेव्हलपरच्याच नजरेस पडते. म्हणून नोटिफिकेशन कमी करण्याचा प्रस्ताव डेव्हलपरकडून मॅनेजरकडे जाणे स्वाभाविक आहे. नफा आणि तोटा एकाच पानावर शेजारी शेजारी मांडणे, एवढेच या नोटचे काम असते.

हे काम कसे चालते ते पाहण्यासाठी बसची तिकिटे विकणारे एक काल्पनिक ॲप घेऊ. पुढचे त्याचे आकडेही केवळ उदाहरणादाखल आहेत. हे ॲप दोन प्रकारची नोटिफिकेशन पाठवते. तिकीट पक्के झाले, बस चाळीस मिनिटे उशिरा आहे, चढण्याची जागा बदलली, हा पहिला प्रकार. प्रवाशाला तो हवाच असतो. सवलती, कूपन आणि ‘या शनिवार-रविवारी महाबळेश्वर’ हा दुसरा. बसने महिन्यातून एखाद्या वेळी जाणाऱ्या माणसाला दुसऱ्या प्रकारची नोटिफिकेशन आठवड्याला नऊ येत असतील, तर तक्रार नेमकी त्यांचीच आहे.

आकडे गोळा करताना पहिली चूक इथेच होते. ज्यांना जास्त नोटिफिकेशन गेली त्यांनी ॲप जास्त काढले, असा आलेख काढणे सोपे असते आणि तो पटतोही. पण तो पुरावा ठरत नाही. गणपतीत कोकणात जाण्यापुरते ॲप घेतलेल्या प्रवाशांवर मार्केटिंग विभाग सर्वाधिक मारा करतो, कारण ते नवे ग्राहक असतात. त्यांतले बरेच जण परत आल्यावर ॲप काढणारच होते. अशा आलेखात नोटिफिकेशनचा दोष किती आणि सण संपल्याचा परिणाम किती, हे वेगळे करता येत नाही. एखादा जाणकार मॅनेजर नेमका हाच प्रश्न विचारतो आणि नोट तिथेच पडते.

यावरचा उपाय म्हणजे ग्राहकांची यदृच्छेने, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गटांत विभागणी करणे. समजा, चाळीस हजार ग्राहक घेतले आणि वीस-वीस हजारांचे दोन गट केले. पहिल्या गटाला पूर्वीसारखी आठवड्याला नऊ जाहिराती जातात, दुसऱ्याला फक्त दोन. तिकीट आणि उशिराची नोटिफिकेशन दोघांनाही सारखीच जातात. एकदा ज्या गटात पडला त्याच गटात ग्राहक शेवटपर्यंत राहिला पाहिजे, नाहीतर सगळा हिशेब बिघडतो. सणासुदीचा परिणाम आता दोन्ही गटांवर सारखाच होतो, त्यामुळे उरलेला फरक जाहिरातींच्या संख्येमुळे आहे असे म्हणता येते.

चार आठवड्यांनंतर पहिल्या गटात १,४०० जणांनी ॲप काढले, म्हणजे ७ टक्के. दुसऱ्यात १,१०० जणांनी, म्हणजे ५.५ टक्के. फरक दीड टक्क्याचा. हा योगायोग असेल का? एवढ्या मोठ्या गटांत निव्वळ योगायोगाने पडणारा फरक सहसा अर्ध्या टक्क्याच्या आतच असतो. म्हणून खरा फरक एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान आहे, असे नोटमध्ये निःशंकपणे लिहिता येते. गट दोनशे-दोनशेचे असते, तर तोच दीड टक्का म्हणजे अवघी तीन माणसे, आणि त्यावरून काहीच सिद्ध झाले नसते.

आता विक्री. हा आकडा टाळून नोट लिहिली, तर मॅनेजर तो स्वतः शोधून काढतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. पहिल्या गटाने ५,२०० तिकिटे घेतली, दुसऱ्याने ५,१००. शंभर तिकिटांचा हा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण सावधगिरी म्हणून तो खरा तोटा धरावा. दुसऱ्या बाजूला तीनशे ग्राहक टिकले. सरासरी ग्राहक चार आठवड्यांत पाव तिकीट घेतो, त्या हिशेबाने ते पुढच्या चार आठवड्यांत पंचाहत्तर तिकिटे घेतील. मात्र ॲप काढण्याच्या बेतात असलेला माणूस सरासरीइतका प्रवास करत नसावा, म्हणून त्याच्या निम्मी, साधारण अडतीस धरणे प्रामाणिकपणाचे. याचा अर्थ पहिल्या महिन्यात तोटा दिसतो. पण दर महिन्याला आणखी ग्राहक टिकत गेले, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ही भर तोट्याला मागे टाकते. शिवाय गेलेल्या तीनशेंच्या जागी नवे तीनशे आणायचा जाहिरात खर्च वाचतो. तो प्रति ग्राहक किती, हा आकडा मॅनेजरकडे आधीच असतो; नोटमध्ये त्याची जागा मोकळी सोडली तरी चालते.

मोजमापाच्या मर्यादा दोन वाक्यांत सांगाव्या लागतात. अँड्रॉइडवर ॲप काढल्याची नोंद गुगलच्या फायरबेस ॲनालिटिक्समध्ये `app_remove` या नावाने आपोआप होते, आयफोनवर होत नाही. तिथे पाठवलेले नोटिफिकेशन पोहोचू शकत नसल्याचे उत्तर सर्व्हरकडून येते तेव्हाच ॲप गेल्याचा अंदाज बांधता येतो, आणि तेही उशिरा. म्हणून वरची तुलना फक्त अँड्रॉइड ग्राहकांची ठेवणे बरे.

आणखी एक आकडा नोटमध्ये हवाच, आणि तो सहज विसरला जातो. वैतागलेला प्रत्येक जण ॲप काढत नाही. कित्येक जण नुसती नोटिफिकेशन बंद करतात. असा ग्राहक यादीत दिसतो, पण त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. बस उशिरा असल्याचे त्याला कळत नाही, तो पहाटे रस्त्यावर ताटकळतो आणि दोष ॲपलाच देतो. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून नोटिफिकेशनची वर्गवारी करता येते; प्रवासाचा वर्ग वेगळा आणि सवलतींचा वेगळा ठेवला, तर ग्राहक दुसरा बंद करून पहिला चालू ठेवू शकतो. सगळे एकाच वर्गात कोंबले असेल, तर त्याच्यापुढे सगळे किंवा काहीच नाही, एवढेच पर्याय उरतात. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून तर नव्याने टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी मागावी लागते, आणि ती एकदा गेली की परत मिळवणे फार अवघड.

मागणी नोटच्या पहिल्याच ओळीत असावी, कारण मॅनेजर पुढचे वाचेलच असे नाही. उदाहरणार्थ: ‘जाहिरातीची नोटिफिकेशन प्रत्येक ग्राहकाला आठवड्याला जास्तीत जास्त दोन ठेवावीत, चार आठवड्यांच्या चाचणीत त्यामुळे ॲप काढणाऱ्यांचे प्रमाण ७ वरून ५.५ टक्क्यांवर आले.’ ही मर्यादा पाळण्याची सोय यंत्रणेतच हवी. वेगवेगळे विभाग आपापली नोटिफिकेशन परस्पर पाठवत असतील, तर प्रत्येकाचे दोन मिळून पुन्हा आठ होतात. सर्व नोटिफिकेशन एकाच ठिकाणाहून जावीत, तिसरे आले तर तिथेच अडावे, आणि दोन कोणती हे मार्केटिंगनेच निवडावे.

शेवटी माघारीची अट लिहावी. तिकीट विक्री सलग दोन महिने तीन टक्क्यांहून अधिक घटली, तर मर्यादा दोनवरून चारवर नेता येईल, आणि त्यासाठी सर्व्हरवरचा एक आकडा बदलणे पुरेसे आहे. मागे घेता येणाऱ्या निर्णयाला मॅनेजर लवकर होकार देतो. तरीही पाच टक्के ग्राहकांना जुन्याच पद्धतीने नोटिफिकेशन जात राहू द्यावीत, कारण तो गट नसेल तर सहा महिन्यांनी मर्यादेचा उपयोग झाला की नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही.